व्यापार तूट म्हणजे देशाचं नुकसान का?

प्रश्न: भारताची व्यापार तूट दर महिन्याला बातम्यांत असते. म्हणजे तेवढे पैसे आपण गमावतो का?

नाही. तूट म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जास्त. पैसे दिले, पण त्या बदल्यात माल आला. किराणावाल्याशी तुमची आयुष्यभर ‘तूट’च असते, तो तुमच्याकडून काही घेत नाही, म्हणून तुम्ही बुडालात का?

बातमीतला ठळक आकडा बहुतेक वेळा फक्त मालाचा असतो. 2023-24 मध्ये ती तूट सुमारे 240 अब्ज डॉलर होती. पण पुण्या-बंगळुरूतल्या सॉफ्टवेअरसारख्या सेवांतून सुमारे 160 अब्ज निव्वळ आले, आखातातून, अमेरिकेतून लोकांनी घरी पाठवलेले 100 अब्जांहून जास्त. परदेशी गुंतवणूकदारांचा नफा-व्याज बाहेर गेल्यावर चालू खात्यावर, म्हणजे या सगळ्याच्या एकत्र हिशेबात, उरली साधारण 25 अब्जांची तूट. ती परदेशी गुंतवणूक आणि कर्जातून भरली जाते. ते मात्र फुकट नसतं, पुढे त्यावर परतावा द्यावा लागतो.

आयात कशाची, हेही बघा. कच्चं तेल येतं, जामनगरला शुद्ध होऊन त्यातलं बरंचसं डिझेल परत निर्यात होतं. तिजोरीत पडून राहणाऱ्या सोन्याचं तसं नाही. 2012-13 मध्ये तेल-सोन्यामुळे चालू खात्याची तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर गेली. 2013 च्या उन्हाळ्यात परदेशी पैसा काढता पाय घेऊ लागला आणि रुपया घसरला. खरी भीती तिथे.