सुपरमॅनला चष्म्याआड कोणीच कसे ओळखत नाही?

प्रश्न: नुसता चष्मा लावलेल्या सुपरमॅनला कोणीच कसे ओळखत नाही? लेखक याचे समर्थन कसे करतात?

उत्तर: सुपरमॅन मुखवटाच घालत नसल्यामुळे तो काही लपवत असेल, अशी शंकाच लोकांना येत नाही, हे मला सर्वांत पटणारे समर्थन वाटते. 1978 च्या एका कॉमिक्स अंकात मात्र चष्म्याच्या क्रिप्टॉनी, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहावरच्या, काचांमधून नकळत संमोहन होते आणि त्यामुळे क्लार्क केंट, म्हणजे सामान्य माणसाच्या रूपातला सुपरमॅन, इतरांना अशक्त दिसतो, असा (काहीसा ओढूनताणून केलेला) खुलासा होता. कॉमिक्स लेखक जॉन बर्न यांनी 1987 मध्ये स्वभावाचा आधार घेतला: संगणक सर्व पुरावे जुळवून ‘क्लार्क हाच सुपरमॅन’ असा निष्कर्ष देतो, तरीही एवढे सामर्थ्य असलेला कोणी सामान्य माणसाचे सोंग घेईल, हे सुपरमॅनचा सत्तालोलुप शत्रू लेक्स लूथरला पटतच नाही आणि तो तो निष्कर्ष धुडकावून लावतो.