‘शेवटची दोनच गाणी’ : शेजाऱ्यांना लिहिलेली माफीची चिठ्ठी

प्रश्न : गेल्या शनिवारी आमच्याकडे नातीचं बारसं झालं. कार्यक्रम संध्याकाळचा होता, पण जेवणं झाल्यावर जावयांच्या मित्रांनी गच्चीवर स्पीकर लावला आणि रात्रीचा एक वाजला. तेव्हापासून शेजारी जिन्यात दिसले तरी मान वळवतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं टाकलं, त्यावर एकानेही काही लिहिलं नाही. आता घरोघरी चिठ्ठी द्यावी म्हणते, पण लिहायला बसलं की सगळं पोकळ वाटतं. काय लिहू?

उत्तर : माझ्याकडे आलेल्या डोंबिवलीच्या एका ताईंचीही नेमकी इथेच अडचण झाली होती. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्यांची हकीकत सांगते.

त्यांच्या मुलाची हळद होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव, आधी बेंजो आणि मग डीजे. दहाला बंद करायचं असं घरात ठरलेलं होतं, तो बंद झाला पाऊण वाजता, तोही पोलीस आल्यावर. लग्न पार पडलं आणि पाहुणे गेले, तेव्हा ताईंच्या लक्षात आलं की समोरच्या वहिनी त्यांच्याशी बोलत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचा शेजार, एकमेकींकडे घराच्या किल्ल्या ठेवण्याइतका. ताईंची झोप उडाली. येताना त्या चिठ्ठीचा मसुदा घेऊनच आल्या होत्या. तो असा होता :

“सप्रेम नमस्कार. आमच्या चिरंजीवांच्या हळदीच्या शुभप्रसंगी रात्री थोडा उशीर झाला. त्यामुळे कोणाला त्रास झाला असल्यास क्षमस्व. घरातलं पहिलंच कार्य असल्याने पाहुण्यांचा आग्रह मोडवला नाही. आपण सर्व समजून घ्याल याची खात्री आहे.”

मी त्यांना हा मजकूर वरच्या मजल्यावरच्या काकांच्या जागी बसून मोठ्याने वाचायला सांगितला. ‘त्रास झाला असल्यास’ इथे त्या स्वतःच थबकल्या. जो माणूस पाऊण वाजेपर्यंत जागा होता, त्याला त्रास झाला की नाही याबद्दल शंका कशी घ्यायची? मग ‘पाहुण्यांचा आग्रह’. ते पाहुणे तर आपापल्या गावी निघून गेले, आता त्यांच्यावर रागवायचं कोणी? आणि ‘समजून घ्याल याची खात्री’ म्हणजे समोरच्याने अजून माफ केलेलंच नाही, पण आपण ते गृहीत धरून मोकळे.

पण मला वाटतं, चिठ्ठी पोकळ होण्याचं खरं कारण जे लिहिलंय त्यात नव्हतं, जे लिहिलेलंच नव्हतं त्यात होतं. मी विचारलं, “त्या रात्री कोणी सांगायला आलं होतं का?”

बराच वेळ त्या रुमालाची घडी घालत आणि उलगडत बसल्या. मग म्हणाल्या, “साडेदहाला वॉचमन आला होता, सेक्रेटरींचा निरोप घेऊन. आणि सव्वा अकराला वरचे काका स्वतः खाली आले. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या दोनच दिवसांपूर्वी घरी आल्या होत्या. मी म्हटलं, ‘काका, शेवटची दोनच गाणी.’ ते वर गेले. आणि मग मॅडम, मीच परत नाचायला गेले.”

शेजाऱ्यांच्या भांडणात असं सतत दिसतं. आवाजाचा राग दोन दिवसांत ओसरतो. लग्नघर आहे, होतं एखाद्या वेळी, असं लोक स्वतःच म्हणतात. पण माणूस जिने उतरून आला, त्याने आपली अडचण सांगितली, त्याला शब्द दिला आणि तो पाळला नाही, ही गोष्ट मनात राहते, कारण त्यात आपली किंमत कळल्यासारखं होतं. माफीच्या चिठ्ठीत तो क्षण आला नाही, तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की मुद्दा टाळलाय. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीच्या वेगवेगळ्या भागांचा अभ्यास केला. त्यात सर्वांत परिणामकारक ठरलं ते ‘चूक माझी’ हे स्पष्ट म्हणणं, त्यानंतर नुकसान भरून काढण्याची तयारी. ‘मला माफ करा’ ही विनंती सर्वांत कमी कामाची ठरली. आपल्या बहुतेक चिठ्ठ्या मात्र नेमक्या त्या विनंतीवरच उभ्या असतात.

ताई लिहायला तयार होत्या, पण घरून अडवणूक झाली. पोलिसांना कोणीतरी ११२ वर फोन केला होता, आणि यजमानांचं म्हणणं, ज्यांनी शुभकार्यात पोलीस बोलावले त्यांची माफी आपण मागायची? पुढच्या बैठकीला ते स्वतः आले. गणपतीत बारापर्यंत चालतं, मग आम्हालाच का, असा त्यांचा सवाल होता. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. घरची हळद आपोआप त्यात बसत नाही. हे ऐकून ते गप्प झाले, पण राग गेला नव्हता. तेव्हा मी एवढंच विचारलं, की फोन करणाऱ्याने आधी काय काय करून पाहिलं होतं? निरोप झाला, स्वतः येऊन सांगणं झालं. फोन ही त्याची तिसरी पायरी होती. चिठ्ठीत पोलिसांचा उल्लेखच करायचा नाही असं आम्ही ठरवलं. ‘फोन करण्याआधी आम्हाला सांगायचं होतं’ हे वाक्य कितीही गोड शब्दांत लिहिलं, तरी ती तक्रार होते आणि फोन कोणी केला याचा शोध सुरू होतो.

काकांसाठीची चिठ्ठी शेवटी अशी झाली :

“काका-काकू, नमस्कार. शुक्रवारी रात्री आमच्या हळदीचा डीजे पाऊण वाजेपर्यंत चालू होता. तो दहाला बंद करायला हवा होता. सव्वा अकराला काका स्वतः खाली आले, काकूंच्या ऑपरेशनचं त्यांनी सांगितलं. मी ‘शेवटची दोनच गाणी’ म्हणाले आणि त्यानंतर दीड तास गाणी चालू राहिली. थांबवणं माझ्या हातात होतं, मी थांबवलं नाही. काकूंना त्या अवस्थेत जागं राहावं लागलं ते माझ्यामुळे. मला त्याचं फार वाईट वाटतं. रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. स्पीकर नाही, भजन घरातच आणि साडेनऊला संपेल. यापुढे आमच्या कोणत्याही कार्यात दहानंतर बाहेर आवाज होणार नाही. या चिठ्ठीला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

यात ‘शुभप्रसंग’ नाही, ‘पहिलंच कार्य’ नाही. ही कारणं खोटी नव्हती, पण ती सांगायची वेळ ही नव्हे. काकांनी कधी विचारलं असतं तर सांगता आली असती. रविवारची तारीख आणि साडेनऊची वेळ मात्र मी आग्रहाने घालायला लावली. ‘पुन्हा असं होणार नाही’ हे कोणीही लिहितं, साडेनऊ वाजले की नाही हे शेजाऱ्याला घड्याळात बघता येतं.

इमारतीत सोळा घरं. सगळ्यांना हाच मजकूर देण्यात अर्थ नव्हता. सेक्रेटरींना त्यांच्या निरोपाचा उल्लेख असलेली वेगळी चिठ्ठी, वॉचमनला समोर जाऊन दोन शब्द (त्या रात्री त्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं होतं), आणि बाकीच्यांना वेळ आणि चूक स्पष्ट सांगणारी चार ओळींची चिठ्ठी. समोरच्या वहिनींचं अवघड होतं, कारण त्या तक्रार करायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या घरी नेमकं काय झालं हे ताईंना माहीत नव्हतं. अशा वेळी अंदाजाने त्रासाचं वर्णन करू नये, ते बनावट वाटतं. ताईंनी लिहिलं, “तुमच्या घरी त्या रात्री काय झालं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे.”

नेऊन देण्यावरूनही घरात चर्चा झाली. नव्या सुनेच्या हातून चिठ्ठ्या पाठवाव्यात, म्हणजे कोणी काही बोलणार नाही, अशी यजमानांची सूचना होती. मी स्पष्ट नको म्हटलं. लोक बोलणार नाहीत हे खरं, पण त्यांचा राग तसाच राहील आणि सुनेची या इमारतीतली पहिली ओळख त्या रात्रीशी जोडली जाईल. दुसरं, लग्नाच्या लाडू-चिवड्याची पाकिटं चिठ्ठीसोबत द्यायची नाहीत. लाडू घेतला की माणसाला ‘अहो, असू द्या’ म्हणावंच लागतं, आणि मग आतलं आतच राहतं. पाकिटं चार दिवसांनी गेली. चिठ्ठ्या मात्र ताईंनी संध्याकाळी सातच्या सुमाराला स्वतः दारात उभं राहून दिल्या, आत न बसता.

काकांनी दारातच वाचली, “बरं” म्हणाले आणि दार लावलं. वहिनींनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाचा दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर होता. कानात कापूस घालून तो स्वयंपाकघरात झोपायचा प्रयत्न करत होता. त्या बराच वेळ बोलत राहिल्या, आवाजही चढला. आम्ही याची तयारी केली होती. मधे कारण सांगायचं नाही, ‘पण’ म्हणायचं नाही, फक्त ऐकायचं. ताईंनी ते केलं. नंतर मला म्हणाल्या, “सगळ्यात अवघड तेच होतं, लिहिणं सोपं निघालं.”

वहिनींचं बोलणं हळूहळू सुरू झालं. काकांचं पूर्वीसारखं झालं नाही. नमस्कार घेतात, थांबत नाहीत. एका घरातून आजतागायत काहीच प्रतिसाद नाही, आणि ताईंनी तो मागायला जाऊ नये असं मी त्यांना सांगितलंय. चिठ्ठी देणं आपल्याकडे, माफ करणं त्यांच्याकडे.

आता तुमचं. ग्रुपवरचा मेसेज राहू द्या, त्यावर दुसरा टाकू नका. ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘ठीक आहे’ म्हणायला कोणालाच आवडत नाही, म्हणून तिथे शांतता होती. तो राग वाढल्याचा पुरावा मानू नका. आधी घरातल्यांसोबत बसून आठवा, की त्या रात्री गच्चीवर कोण आलं होतं, कोणाचा फोन आला होता, आणि त्यांना काय उत्तर दिलं गेलं. तुम्ही खाली असाल तर हे तुम्हाला माहीत नसेल, जावयांना विचारा. पहिली चिठ्ठी त्या माणसासाठी लिहा, वार आणि वेळेपासून सुरुवात करून. जावयांचे मित्र त्यात आणू नका, कार्य तुमच्या घरचं होतं. उत्तर जावयांनी दिलं असेल तर त्या एका दारापर्यंत त्यांनी तुमच्यासोबत यावं आणि त्यांचं वाक्य त्यांनीच बोलावं. आज-उद्यात द्या. पुढच्या शनिवारपर्यंत थांबलात, तर उशीर का झाला याचंही स्पष्टीकरण त्या चिठ्ठीत शिरेल.