कमोड डुगडुगतो आणि बुडाशी पाणी येतं: बोल्ट आवळायचे की रिंग बदलायची?

प्रश्न: न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय. वरच्या मजल्यावरचा कमोड बसलं की किंचित डुगडुगतो आणि फ्लश केल्यावर बुडाशी ओल दिसते. बोल्ट आवळून भागेल का?

उत्तर:

ओल खरंच बुडातून येत असेल तर नाही भागणार. फरशी कोरडी असती तर मीही म्हटलं असतं, आधी बोल्ट आवळून बघा. पण कमोड आणि ड्रेनच्या पाइपाच्या मधली, पाणी अडवणारी खालची रिंग मेणाची असते आणि मेणाला रबरासारखी उसळी नसते. कमोड हलून हलून त्यात एकदा फट पडली की वरून कितीही आवळलं तरी ती भरून येत नाही.

आधी पाणी कुठून येतंय याची खात्री करून घ्या. सगळं कोरडं पुसा, टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि दोन-तीनदा फ्लश करा. टाकीच्या बुडाखाली, टाकीच्या बोल्टांपाशी कोरडा टिश्यू लावून बघा. तो रंगला तर गळती टाकीची आहे, खालची रिंग बिचारी निर्दोष. टिश्यू कोरडा आणि रंग बुडाशी, तर रिंगच गेली. फ्लश न करताही बिनरंगाचं पाणी जमत असेल तर पाण्याची नळी बघा, किंवा दमट उन्हाळ्यात टाकीला बाहेरून सुटणारा घाम. तुमचा कमोड वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा खालच्या खोलीच्या छतावर डाग पडलाय का तेही बघून या.

आता डुगडुगण्याचं कारण. रिंग बदलून हे कारण तसंच ठेवलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच. जुन्या घरांत बहुतेकदा गोम फ्लँजमध्ये असते. फ्लँज म्हणजे ड्रेनच्या पाइपावरचं गोल कडं. कमोडचे दोन्ही बोल्ट त्यातूनच वर येतात. हे कडं तयार फरशीच्या वर टेकलेलं हवं, म्हणजे त्याचा वरचा काठ फरशीपेक्षा साधारण पाव इंच उंच राहतो. आमच्या घरात आधीच्या मालकाने जुन्या फरशीवरच नवी टाइल लावली होती, त्यामुळे कडं टाइलच्या जवळपास अर्धा इंच खाली गेलं होतं. साधी रिंग तिथे जेमतेम टेकत होती. दोन रिंगा एकावर एक ठेवणारे असतात, पण त्या सरकू शकतात. आम्ही फ्लँजवर प्लॅस्टिकची एक्स्टेन्शन रिंग लावून उंची भरून काढली, खाली सिलिकॉन आणि लांब स्क्रू, आणि मग एकच मेणाची रिंग. तुमच्याकडे कडं तडकलेलं किंवा गंजलेलं निघालं तर त्यावर बसणारी स्टीलची दुरुस्ती-रिंग मिळते. आणि त्याखालचं लाकूड बोटाने दाबलं तर दबत असेल, तर तिथेच थांबून सुताराला बोलवा; सडलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही.

काढताना पाणी बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं स्पंजने टिपा, नळी सोडवा. नट गंजून फिरत नसतील तर हॅकसॉच्या पात्याने बोल्टच कापा, नाही तरी नवेच लावायचेत. कमोड जड असतो. उचलायला दुसरा माणूस घ्या, निदान टाकी आधी वेगळी करा. तो उचलला की पाइपात चिंधी कोंबा, नाहीतर गटाराचा वायू घरभर. जुनं मेण पुट्टीच्या पात्याने दोन्हीकडून पूर्ण खरवडा.

बसवायच्या आधी चिंधी काढा! मग रिंग फ्लँजवर ठेवा, कमोड बोल्टांवर नेम धरून सरळ खाली उतरवा आणि त्यावर बसून अंगाच्या वजनाने दाबा. किंचित फिरवलं तर चालतं. पण एकदा टेकल्यावर पुन्हा उचललात तर ती रिंग फुकट गेली, नवी लावा. म्हणून दोन आणून ठेवा. एका फटक्यात नीट बसणार नाही असं वाटत असेल तर फोम-रबराची बिनमेणाची रिंग घ्या, ती पुन्हा उचलून बसवता येते.

नट एकदम एका बाजूचा आवळू नका. थोडा डावा, थोडा उजवा, पाना पाव-पाव फेरा. हलणं थांबलं की हात थांबवा. चिनी माती वाकत नाही, सरळ तडकते, आणि मग कमोडच नवा. फरशी असमान असल्यामुळे तरीही डुगडुगत असेल तर ते बोल्ट जास्त आवळून जात नाही. आवळण्याआधीच फटीत प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवा.

दोन-चार दिवस वापरून फरशी कोरडी राहिली की कडेने फट बुजवायचं सीलंट भरा, पण मागच्या बाजूला दोनेक इंच मोकळे सोडा. पुढेमागे रिंग पुन्हा गेलीच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, खालच्या छतात मुरणार नाही.