भटकी जनावरं, छोटी मुलं आणि बाहुलीनाट्य: प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या संहितेत चिंगी झोपलेल्या कुत्र्याची शेपटी ओढते. मुलं खो-खो हसतात आणि खेळताना तेच करतात. काय बदलू?

चार-पाच वर्षांच्या मुलांना जे हसवतं, तेच लक्षात राहतं. नंतरचा उपदेश विरून जातो. म्हणून शेपटीला हात लागूच देऊ नका. हात अर्ध्यावर असतानाच कुत्रा जागा व्हावा आणि खेळ तिथेच थांबावा. उदाहरणार्थ:

चिंगी (हात पुढे करत): किती मऊ शेपूट!
(भुऱ्या डोकं उचलतो. कान मागे, तोंड मिटलेलं, अंग ताठ. तीन आकडे मोजेपर्यंत शांतता.)
आजी: चिंगे, भुऱ्या काय सांगतोय गं?
चिंगी (प्रेक्षकांकडे वळून): काय सांगतोय रे?
मुलं: लांब राहा!
(चिंगी हात मागे घेते, हळूच मागे सरकते. भुऱ्या पुन्हा डोकं टेकवतो.)

शेवटची कृती गाळू नका. चिंगी लांब गेली म्हणून कुत्रा निवांत झाला, हे मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं. कान हलवायला दोन्ही कानांना आतून एकच दोरा बांधा आणि तो करंगळीत अडकवा. शेपटी मात्र सतत हलवत ठेवू नका. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे, असा समज पक्का होतो आणि तो नेहमी खरा नसतो. शेवटी चिंगीने भुऱ्याला मिठी मारण्याचा मोहही टाळा. एवढ्याने सगळं शिकवलेलं पुसलं जातं.

प्रश्न : ‘सुरक्षित अंतर’ या वयाला कसं कळणार?

मीटर सांगून नाही. रंगमंचावर भुऱ्याभोवती जाड रंगीत सुतळीचं वर्तुळ टाका. जेवणारा, झोपलेला किंवा पिल्लांजवळचा प्राणी असेल, तर चिंगी वर्तुळाबाहेरूनच जाते. मांजरीलाही हाच नियम. खेळ संपला की मुलं बाहुलीवर झडप घालतातच. तेव्हा सुतळी जमिनीवर मांडा आणि एकेकाला बाहेरून चालायला लावा.

कुत्राच जवळ आला तर ‘झाड’ व्हायचं: पाय रोवून उभं राहायचं, हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. पळालं की कुत्रा पाठलाग करतो. बहुतेक मुलं झाड होऊनही चोरून कुत्र्याच्या डोळ्यांत बघतात, म्हणून चिंगीच्या तोंडी ‘माझी बोटं मोजते’ हे वाक्य घाला.

प्रश्न : चावल्याचा प्रसंग दाखवावा का?

चावताना नको, रक्तही नको. चिंगी ‘मला ओरखडा आलाय’ म्हणत येते, एवढं पुरे. आजीने इथे अजिबात रागावायचं नाही, कारण बोलणी खायला लागतील म्हणून मुलं जखम लपवतात आणि रेबीजमध्ये तो उशीर जीवघेणा ठरतो. आजी लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुते, ‘पंधरा मिनिटं’ असं मोठ्याने म्हणते आणि चिंगीला घेऊन डॉक्टरांकडे निघते. हळद-तिखट लावण्याचा विनोद इथे चुकूनही नको.