भात सोडून ज्वारी-बाजरी खाल्ली तर कॅलरी खरंच कमी होतात का? पोट जास्त वेळ भरलेलं राहतं का?

मी रत्नागिरीचा, साडू सोलापूरचा. त्याच्या मते भात म्हणजे साखर आणि भाकरी म्हणजे औषध. जिममधला ट्रेनरही तेच म्हणाला, तेव्हा मी रात्रीचा भात बंद करून ज्वारीवर आलो. दोन महिन्यांत दोन किलो वाढलो. व्यायाम तोच, बाकी जेवण तेच.

एका रविवारी बायको परातीत पीठ घ्यायला लागली तेव्हा मी ते आधी काट्यावर ठेवलं. एका भाकरीला 90 ग्रॅम! मी दोन खात होतो, म्हणजे साधारण 600 कॅलरी. आधी खायचो तो भात 100 ग्रॅम तांदळाचा, 350 कॅलरींचा. भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घ्यायचो, ते यात धरलेलंच नाही.

कोरडं धान्य तोललं तर तांदूळ, ज्वारी, बाजरी यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच, 100 ग्रॅमला 320 ते 360. फसगत होते ती पाण्यामुळे. तांदूळ शिजून वजनाला तिप्पट होतो, म्हणून ताट भरलेलं दिसतं. भाकरीत पाणी कमी, तव्यावर त्यातलंही थोडं उडतं. तेवढ्याच आकारात धान्य जास्त बसतं आणि ‘दोनच तर खाल्ल्या’ म्हणून मन निर्धास्त राहतं.

पोटाचं म्हणाल तर फरक आहे, पण सांगतात तेवढा नाही. ज्वारीत तंतू 100 ग्रॅमला दहाच्या आसपास, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत-बाहेर. पण गिरणीतून बारीक दळून आणलं की दाणा फुटलेलाच असतो, पचायला वेळ लागत नाही. त्याच ज्वारीच्या कण्या खाऊन बघा, चावाव्या लागतात आणि जास्त टिकतात. आता मी 60 ग्रॅम पिठाची एकच भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ घेतो, झोपेपर्यंत भूक लागत नाही. मात्र हीच उसळ बेताच्या भाताबरोबर खाल्ली तरी जवळजवळ तेच होतं. निम्मं श्रेय उसळीचं आहे, हे साडूला मान्य नाही.

म्हणून भात सोडायचा असेल तर सोडा, पण आधी आठवडाभर कोरडं पीठ आणि तांदूळ तोलून बघा. एकदम सगळं बदललंत तर पोट फुगेल, हळूहळू वाढवा. आणि शुगर असेल तर हिशोब कॅलरीपुरता राहत नाही. जेवल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर काय दाखवतो ते बघून डॉक्टरांशी बोला.

साडू दिवाळीला आला होता. मी काटा पुढे केला तर म्हणाला, “भाकरी काय मोजून खातात होय?” आणि तिसरी घेतली.