चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि ‘सुपर’: जाहिरातीत काय लिहावे?

प्रश्न: आमच्या 2 बीएचकेची जाहिरात मराठीत लिहायची आहे. 2019 च्या करारनाम्यात ‘चटई क्षेत्र 55.74 चौ. मी.’ आणि बाल्कनी वेगळी 3.72 चौ. मी. असं आहे. एजंट म्हणतो, ‘सुपर बिल्टअप 900 स्क्वेअर फूट’ टाका, सगळे तसंच टाकतात. चटई, बांधीव आणि सुपर हे शब्द नेमके कशासाठी वापरायचे?

चटई क्षेत्राचा आकडा लिहा, बाल्कनीचा त्याच्या शेजारी वेगळा लिहा, आणि 900 हा आकडा जाहिरातीत घेऊ नका. कारण तीनपैकी एकाच शब्दाची व्याख्या रेरा या घरांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात आहे, ती चटई क्षेत्राची.

या शब्दामागचं चित्र सोपं आहे: जिथे चटई अंथरता येईल ती जागा. पण कायद्याची व्याख्या या चित्रापासून दोन ठिकाणी फारकत घेते, आणि फसगत तिथेच होते. 2016 च्या रेरा कायद्यानुसार घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागा चटई क्षेत्रात धरली जाते. भिंतीखाली चटई अंथरता येत नाही, तरीही. उलट बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची यांवर चटई खुशाल अंथरता येते, पण ती त्यात धरत नाहीत. बाहेरच्या भिंती आणि पाइपांचे डक्टही वगळलेले आहेत.

म्हणून घर बघायला आलेल्या माणसाने टेप लावून खोल्या मोजल्या आणि 55.74 चौ. मी.चे जे 600 चौरस फूट होतात त्यांऐवजी 583 भरले, तर लगेच कुणी फसवलं असं समजू नये. चार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह साधारण पाच इंचांची होते. अशा आतल्या भिंतींची एकूण लांबी 40 फूट असेल, तर त्यांच्याखाली सुमारे 17 चौरस फूट जातात. खोल्यांची बेरीज अधिक या भिंती, असा हिशेब जुळायला हवा. फरक याहून बराच जास्त निघाला, तर मंजूर नकाशा मागावा.

आता यातली खरी गुंतागुंत. रेराआधी महाराष्ट्रात फ्लॅटच्या विक्रीसाठी जो मोफा कायदा लागू होता, त्यात 2008 च्या दुरुस्तीने फ्लॅट चटई क्षेत्रावरच विकायचं बंधन आलं. मात्र तिथे चटई क्षेत्रात बाल्कनी धरलेली होती. म्हणजे 40 चौरस फुटांच्या बाल्कनीसह तुमचंच घर 2012 च्या करारनाम्यात ‘चटई क्षेत्र’ साधारण 640 असं दिसलं असतं, आणि 2019 च्या करारनाम्यात ते 600 आहे. दोन्ही आकडे आपापल्या कायद्याप्रमाणे बरोबर. पुनर्विक्रीच्या जाहिरातींत नुसतं ‘कार्पेट’ लिहिलं की हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ‘रेराप्रमाणे चटई क्षेत्र’ असं पूर्ण लिहा, आणि जुना करार असेल तर ‘बाल्कनीसह’ हा शब्द गाळू नका. ‘टोटल कार्पेट’, ‘युजेबल कार्पेट’ हे शब्द मात्र टाळाच. बंद केलेली बाल्कनी, गच्ची, सगळं त्यांत बिनबोभाट शिरतं.

बांधीव क्षेत्र म्हणजे रूढ अर्थाने चटई क्षेत्र, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मिळून होणारी जागा. तुमच्या घरात बाहेरच्या भिंतींचे 50 चौरस फूट धरले, तर 600 अधिक 40 अधिक 50, म्हणजे 690. पण शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत अर्धी धरायची की पूर्ण, यावर जाहिरातवाल्यांचं एकमत नसतं. म्हणून हा शब्द वापरलाच, तर काय काय धरलं ते सांगितल्याशिवाय वापरू नये.

इथे मराठीनेच घातलेला एक घोळ सांगायला हवा. प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते ठरवणाऱ्या एफएसआयला आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो. तो निर्देशांक मात्र भिंतींच्या जाडीसकट बांधकामावर मोजला जातो. 1000 चौ. मी.च्या प्लॉटवर 1.1 निर्देशांक असेल तर 1100 चौ. मी. बांधकाम करता येतं. त्यातून 1100 चौ. मी. चटई क्षेत्र मिळत नाही. शब्दात चटई आहे, हिशेबात नाही. बातमीतल्या ‘वाढीव चटई क्षेत्रा’चा फ्लॅटच्या चटई क्षेत्राशी थेट संबंध जोडू नये, तो याचसाठी. माझ्या मते ‘बांधकाम निर्देशांक’ हा शब्द अधिक खरा ठरला असता.

‘सुपर’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू नका. पुण्यात ‘सेलेबल’ म्हणतात तेही हेच. बांधीव क्षेत्रात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस यांचा हिस्सा मिळवून तो आकडा तयार होतो. हिस्सा किती धरायचा ते विकणारा ठरवतो, आणि त्यालाच ‘लोडिंग’ म्हणतात. आता तुमचं 900 घ्या. 600 वरून 900 म्हणजे लोडिंग 50 टक्के. 690 वरून 900 म्हणजे साधारण 30 टक्के. आणि 900 मधून 600 वर यायचं तर 33 टक्के वजा. एकाच घराला तिन्ही टक्केवाऱ्या लावता येतात. एजंटने ‘लोडिंग फक्त 30 टक्के’ म्हटलं की ऐकणारा 900 ला 1.3 ने भागतो, 692 काढतो आणि तेच चटई क्षेत्र समजतो. हातात येतात 600. लोडिंगचा आकडा कानावर आला की पहिला प्रश्न हवा: कशावर 30 टक्के?

दराचंही तसंच. समजा, तुमच्या घराची किंमत 64 लाख 80 हजार आहे. तिला 900 ने भागलं तर दर 7,200 दिसतो, 600 ने भागलं तर 10,800. शेजारच्या इमारतीत कुणी प्रामाणिकपणे चटई क्षेत्रावर 10,000 लिहिलं असेल, तर तेच महाग वाटतं.

तेव्हा तुमची जाहिरात अशी असावी:

‘2 बीएचके. रेराप्रमाणे चटई क्षेत्र 55.74 चौ. मी., म्हणजे 600 चौ. फूट. बाल्कनी वेगळी, 3.72 चौ. मी., म्हणजे 40 चौ. फूट. किंमत 64,80,000 रुपये. चटई क्षेत्रावर दर 10,800 रुपये प्रति चौ. फूट. पार्किंग या क्षेत्रात धरलेले नाही.’

चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट मिळतात. करारात चौरस मीटर असतील तर तो मूळ आकडा तसाच ठेवा, फुटांचा आकडा त्याच्यामागे येऊ द्या; म्हणजे ग्राहकाला करारनाम्याशी ताडून पाहता येतं. इमारत महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदलेली असेल तर नोंदणी क्रमांकही द्या. रेरानुसार नोंदणी करताना बिल्डरला फ्लॅटचं चटई क्षेत्र आणि बाल्कनी वेगवेगळी कळवावी लागते, त्यामुळे तुमचे दोन्ही आकडे तिथल्या माहितीशी जुळायला हवेत.

एजंटने ‘900 नाही लिहिलं तर फोन येणार नाहीत’ म्हटलं, तर सामाईक सोयी शब्दांत लिहायला सांगा: लिफ्ट दोन, क्लबहाऊस आहे, लॉबी मोठी आहे. त्यांची किंमत ग्राहकाला कळू द्या, पण ती त्याच्या घराच्या चौरस फुटांत मोजू नका.