९० दिवसांनी येणारे डॉलर: फॉरवर्ड घ्यायचा की डॉलरचं कर्ज?

प्रश्न: अमेरिकेतल्या ग्राहकाकडून ९० दिवसांनी २ लाख डॉलर यायचेत. बँक फॉरवर्डला ३३ पैसे प्रीमियम देतेय. कव्हर्ड इंटरेस्ट आर्बिट्राज करून यापेक्षा जास्त सुटतात का? आणि मधल्या काळात रुपया आणखी पडला तर फॉरवर्डमध्ये तोटाच ना?

दुसऱ्या प्रश्नावर माझं जरा जास्तच म्हणणं आहे, ते शेवटी. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवणारा करार, आणि प्रीमियम म्हणजे आजच्या भावावर मिळणारी भर. पहिल्याचं उत्तर असं: जास्त सुटतात की नाही हे डॉलर कुठे जाणार यावर ठरत नाही, तुमचा स्वतःचा रुपयाचा व्याजदर काय आहे यावर ठरतं. कॅश क्रेडिटवर धंदा चालत असेल तर बहुधा सुटतात. खात्यात पैसे पडून असतील तर बहुधा नाही.

आधी ते ३३ पैसे कुठून आले ते बघू. डॉलर वर जाईल असं बँकेला वाटतं म्हणून प्रीमियम मिळतो, असं निम्मे निर्यातदार धरून चालतात. ते चूक आहे. तुमच्याशी फॉरवर्ड केला की बँक आजच डॉलर उसने घेऊन विकू शकते, आलेले रुपये ९० दिवस व्याजाला लावू शकते, आणि तुमचे डॉलर आले की उसने फेडू शकते. रुपयावर व्याज जास्त मिळतं, डॉलरवर कमी द्यावं लागतं. हा फरक म्हणजेच प्रीमियम. यात अंदाज कुठेच नाही.

```
F = S × (1 + Ri × d/365) / (1 + Rd × d/360)
```

F म्हणजे फॉरवर्डचा भाव, S म्हणजे स्पॉट, डॉलरचा आजचा भाव, Ri रुपयाचा व्याजदर, Rd डॉलरचा, d दिवस. रुपयाला वर्ष ३६५ दिवसांचं आणि डॉलरला ३६० दिवसांचं, हे विसरू नका. दोन्हीकडे ३६५ घातलं तर खालच्या उदाहरणात सव्वा पैशाची चूक होते, म्हणजे २ लाख डॉलरवर अडीच हजार रुपये.

स्पॉट ८४.०० धरू, बँकेचं मार्जिन कापून हातात पडणारा. बाजारातला रुपयाचा दर साडेसहा टक्के, डॉलरचा साडेचार. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुम्ही त्या दिवशीचे घाला.) ९० दिवसांत रुपया १.०१६०३ पट होतो, डॉलर १.०११२५ पट. भागाकाराला ८४ ने गुणलं की ८४.३९७ येतात. म्हणजे पुस्तकी प्रीमियम जवळपास ४० पैसे, आणि तुम्हाला मिळतायत ३३.

उरलेले ६-७ पैसे सगळे बँकेने खाल्ले असं नाही. तुम्ही विकणारे आहात, त्यामुळे प्रीमियमची खालची बाजू तुमच्या वाट्याला येते. शिवाय आपल्याकडे परकीय कर्जावर आणि ठेवींवर बंधनं आहेत, त्यामुळे प्रीमियम व्याजाच्या फरकाला तंतोतंत चिकटून राहत नाही. आयातदारांची मागणी आणि रिझर्व्ह बँकेचे स्वॅप, म्हणजे डॉलर-रुपया अदलाबदलीचे सौदे, त्याला वरखाली ओढतात. तरी फोनवर एकच आकडा ऐकून 'करा' म्हणू नका. स्पॉट किती, प्रीमियम किती, मार्जिन किती, असं तीन तुकड्यांत विचारा. मार्जिन बहुतेक वेळा प्रीमियममध्ये लपतं, कारण स्पॉट टीव्हीवरही दिसतो आणि प्रीमियम कोणी बघत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा डॉलर खरेदी-विक्रीचा एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्म २०१९ पासून आहे. तिथे नोंदणी केलीत की निदान बँकेशी बोलताना हातात एक आकडा असतो.

आता आर्बिट्राज. बँक जे करते तेच तुम्हीही करू शकता. माल जहाजावर चढला असेल तर बिल डॉलरमध्ये डिस्काउंट करून घ्या, म्हणजे बिलावर बँकेकडून आजच डॉलरचं कर्ज घ्या, मिळालेले डॉलर आजच स्पॉटला विका, आणि ९० दिवसांनी ग्राहकाचे पैसे परस्पर त्या कर्जात वळते होऊ द्या. (माल अजून कारखान्यातच असेल तर हेच काम पीसीएफसीमधून, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या डॉलर कर्जातून, होतं.) डॉलरचा भाव आजच पक्का झाला, म्हणजे हेजिंगही झालं. फक्त फॉरवर्ड हा शब्द कुठे आला नाही.

कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीचं उदाहरण घ्या. कास्टिंग गेलंय, बिल २ लाख डॉलरचं. तिला डॉलरचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी मिळतं आणि रुपयाचं नऊ टक्क्यांनी.

डॉलरच्या वाटेने: २,००,००० भागिले १.०१६२५, म्हणजे आज १,९६,८०२ डॉलर. ते ८४.०० ने विकले की आज हातात १,६५,३१,३६५ रुपये.

फॉरवर्डच्या वाटेने: ९० दिवसांनी ८४.३३ ने १,६८,६६,०००. पण फाउंड्रीला पैसे आज हवेत, पगार आणि पिग आयर्न थांबत नाहीत. म्हणून याच रकमेवर नऊ टक्क्यांनी रुपयाचं कर्ज. १.०२२१९ ने भागलं की आज १,६४,९९,८३९.

डॉलरची वाट साडेएकतीस हजारांनी पुढे. बरोबरीचा प्रीमियम काढायचा तर वरच्याच सूत्रात बाजाराच्या दरांऐवजी फाउंड्रीचे दर घाला: ४९ पैसे. बँक ४९ पेक्षा कमी देत असेल तर डॉलरचं कर्ज, जास्त देत असेल तर फॉरवर्ड. टेबलावर चिकटवून ठेवायचा आकडा हा आहे.

आता तीच फाउंड्री कर्जमुक्त आहे आणि पैसे साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवते असं समजा. डॉलरच्या वाटेने आलेले १,६५,३१,३६५ रुपये ९० दिवसांत १,६७,९६,३२० होतात. फॉरवर्ड मात्र १,६८,६६,००० देतो. आता फॉरवर्ड जवळपास सत्तर हजारांनी पुढे! बाजार तोच, बँक तीच, बिल तेच. बदलला तो फक्त घरचा व्याजदर. परीक्षेच्या पुस्तकात कर्जाचा आणि ठेवीचा दर एकच धरतात, म्हणून तिथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात आणि मुलांना वाटतं की आर्बिट्राज म्हणजे निव्वळ थिअरी. याला खरं तर आर्बिट्राज म्हणणंही जास्तच होतं, स्वस्त कर्ज निवडणं एवढंच आहे ते. फुकटचा फरक सुटतो तो कोणीतरी मुद्दाम सोडला तर. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या एफसीएनआर(बी) ठेवींसाठी बँकांना साडेतीन टक्क्यांचा ठरीव स्वॅप दिला, बाजारातल्या खर्चापेक्षा बराच स्वस्त, आणि बघता बघता २६ अब्ज डॉलरच्या आसपास ठेवी जमा झाल्या. ती संधी तुमच्या-माझ्यासाठी नव्हती.

गणित बरोबर असूनही पैसे जातात ते तारखेपायी. ग्राहकाने ९० दिवसांऐवजी ११० दिवसांनी पैसे पाठवले तर फॉरवर्ड मुदतीला रद्द करून पुन्हा करावा लागतो. त्या दिवशी बँकेचा विक्रीचा दर ८५.६० असेल तर ८४.३३ शी असलेला १.२७ रुपयांचा फरक, म्हणजे २,५४,००० रुपये, तुमच्या खात्यातून त्याच दिवशी जातात. इथेच मालक हबकतो. खरं तर पुढच्या २० दिवसांचा नवा फॉरवर्ड ८५.५८ ने मिळाला तर १,७१,१६,००० येतात, त्यातून २,५४,००० वजा करा, १,६८,६२,००० उरतात. पडता भाव ८४.३१. दोन पैसे गेले, आणि अडीच लाखांचं २० दिवसांचं व्याज. पण घाबरून नवा फॉरवर्ड केलाच नाही आणि २० दिवसांत डॉलर परत ८४.४० वर आला, तर मात्र तो अडीच लाखांचा खड्डा भरून निघत नाही.

आणि मुदतीला गप्प बसू नका. सूचना आली नाही तर बँक थोड्याच दिवसांत काँट्रॅक्ट आपणहून रद्द करते. तोटा झाला तर तो तुमचा, आणि फायदा झाला तर तुम्हाला मिळत नाही. ग्राहक उशीर करणाराच असेल तर एका तारखेऐवजी महिनाभराची खिडकी घ्या, फक्त प्रीमियम खिडकीच्या पहिल्या दिवसापर्यंतचाच मिळेल. डॉलरच्या कर्जाची वाटही उशिरातून सुटत नाही: बिल फार थकलं की बँक ते विक्रीच्या दराने रुपयात वळवते आणि पुढे रुपयाचं, तेही थकबाकीचं, व्याज लावते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मार्च संपला की अकाउंट्सवाले एक तक्ता काढतात: फॉरवर्ड ८४.३३, मुदतीचा स्पॉट ८५.५०, 'तोटा' २,३४,०००. मग मालक विचारतो की हा फॉरवर्ड कोणी केला. पुढच्या वर्षी कोणी करत नाही आणि नेमका त्याच वर्षी रुपया वधारतो. माझ्या मते तो तक्ता फाडून टाकण्याच्या लायकीचा आहे. कास्टिंगचा भाव कोट करताना डॉलर किती धरला होता? ८३.८० धरला असेल तर ८४.३३ ला ५३ पैसे नफा बांधून घेतलाय, आणि बिल ८४.३३ नेच वसूल झालंय. ८५.५० मिळाले असते ही हळहळ आहे, हिशोब नाही. मुदतीच्या स्पॉटशी तुलना करायचीच असेल तर डॉलर ८३.२० ला आला त्या तिमाहीत 'फॉरवर्डचा नफा' म्हणून पेढे वाटले होते का, ते सांगा.

काही गोष्टी राहिल्या. रुपयाच्या निर्यात कर्जावर व्याज सवलत मिळत असेल तर ४९ पैशांचं गणित उलटतं. नऊचे सहा टक्के झाले की बरोबरीचा फॉरवर्ड स्पॉटच्याही खाली जातो, मग बिनदिक्कत रुपयाचं कर्ज आणि फॉरवर्ड. जुनी इंटरेस्ट इक्वलायझेशन योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आज तुम्हाला काय लागू आहे ते शाखेत विचारून घ्या. डॉलर कर्जाची प्रोसेसिंग फी वेगळी असेल तर तीही साडेएकतीस हजारांतून वजा करा. आणि ग्राहक रिजेक्शनपोटी पैसे कापत असेल तर पूर्ण २ लाख हेज करू नका. दर बिलाला पाच-सात टक्के कापले जात असतील तर १ लाख ८५ हजारांचा करा, उरलेले आले की स्पॉटला विका. हा तुकडा पुढच्या मार्चच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवा, आणि 'मुदतीचा स्पॉट' या रकान्याच्या जागी 'कोट करताना धरलेला भाव' लिहा.